गुन्हा मेणकापडाचा, फाशी बोर्डाला

"बोर्ड गेला." एवढे दोन शब्द ऐकले की पेडण्याहून बसने म्हापशाला आलेल्या माणसाचा हात आपोआप खिशाकडे जातो, आणि बोलणाऱ्यालाही तेवढेच हवे असते. घरी भात शिजत असताना इंडक्शन मध्येच बंद पडलेले असते, टीं टीं करून पडद्यावर E आणि पुढे एक आकडा दाखवत असते. त्या आकड्याचा अर्थ घरात कोणाला ठाऊक नसतो, कारण तो कळावा अशी कोणाची इच्छाच नसते. शेगडी पिशवीत जाते, पिशवी बसमध्ये जाते, आणि काउंटरपलीकडचा माणूस एकही स्क्रू न काढता निदान सांगून मोकळा होतो.

मी पेडण्यात मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतो, आणि अलीकडे त्यांत इंडक्शनची भर पडली आहे. 'बोर्ड गेला' असा शेरा घेऊन माझ्या टेबलावर आलेल्या कितीतरी शेगड्यांचा बोर्ड ठणठणीत निघतो. शेगडी बिघडलेली नसते. ती जळू नये म्हणून तिने स्वतःच स्वतःला बंद केलेले असते. हे मला कळते तर ती बनवणाऱ्याला कळत नसेल, असे मी मानायला तयार नाही. त्याला सगळे कळते. फक्त शेगडीबरोबरच्या कागदावर तो छापतो एकच वाक्य: सेवा केंद्राशी संपर्क साधा. काही कागदांवर आकड्यांचा तक्ता असतो, पण एका कंपनीचा E3 दुसरीच्या E3शी जुळेल याची खात्री नाही. एकीकडे तो कमी दाबाची वीज सांगतो, दुसरीकडे तापलेली काच. सगळ्यांनी एकच तक्ता पाळावा, असे या धंद्यात कोणाला वाटलेले दिसत नाही. तक्ता हरवला की, आणि तो हरवतोच, ग्राहकाच्या हाती काही उरत नाही.

म्हणून आकडा बाजूला ठेवा आणि आत काय चालते ते आधी पाहा.

या शेगडीत ज्योत नाही, लाल होणारी तारही नाही. घरातली २३० व्होल्टची वीज आत आधी एकाच दिशेची केली जाते, तेव्हा ती साधारण ३२५ व्होल्टपर्यंत चढते. मग आयजीबीटी नावाचा, टपालाच्या तिकिटाएवढा एक स्विच सेकंदाला वीस-पंचवीस हजार वेळा चालू-बंद होऊन ती काचेखालच्या तांब्याच्या वेटोळ्यात सोडतो. त्या वेटोळ्यामुळे भांड्याच्या बुडात प्रवाह फिरतो आणि बूड तापते. काच तापते ती भांड्याच्या संगतीने. पण या खटाटोपात तो स्विचही तापतो. त्या एवढ्याशा तुकड्यातून तीस-चाळीस वॉट उष्णता सहज निघते. तो ॲल्युमिनियमच्या पंखदार पट्टीवर, म्हणजे हीटसिंकवर, घट्ट बसवलेला असतो आणि पंखा त्या पट्टीवर वारा मारत असतो. वारा थांबला की काही मिनिटांत स्विचचे आयुष्य संपते. म्हणून दोन पहारेकरी बसवलेले असतात: एक सेन्सर या पट्टीजवळ आणि दुसरा काचेच्या खाली, वेटोळ्याच्या मधोमध, पांढऱ्या लेपात काचेला चिकटलेला. पट्टी साधारण शंभर अंशांकडे सरकू लागली किंवा काच मर्यादेबाहेर तापली की शेगडी बंद होते. यात बिघाड कुठे आहे? हा तर इमानदारीचा नमुना आहे. तरी शिक्षा होते ती शेगडीलाच.

कोणत्या पहारेकऱ्याने ओरड केली, हे आकड्यापेक्षा घड्याळ जास्त खरे सांगते. भांडे ठेवल्याबरोबर टीं टीं सुरू होऊन मिनिटभराच्या आत शेगडी बंद झाली, तर तिला भांडे मान्य नाही. पाचदहा मिनिटे नीट चालून मग बंद झाली आणि थोडा वेळ थांबल्यावर पुन्हा तेवढीच चालली, तर वाऱ्याकडे संशयाने पाहा. तळण, भाजणी किंवा आटलेले भांडे यांच्या वेळीच बंद होत असेल, तर काचेखालचा सेन्सर बोलतो आहे. आणि रात्रभर थंड असलेली शेगडी सकाळी प्लग लावताक्षणी आकडा दाखवत असेल, तरच खऱ्या बिघाडाची शंका घ्यावी: सेन्सरची तार तुटली असेल, त्याचा जोड सुटला असेल किंवा बोर्ड खरोखरच गेला असेल. पावसाळ्यात वीज खालीवर होते तेव्हाही शेगडी आकडा दाखवते. पण त्या वेळी घरातले दिवेही तेच सांगत असतात, त्यासाठी म्हापशाला जावे लागत नाही.

मांद्र्याकडच्या एका वहिनींचे इंडक्शन असेच बोर्डाचा शेरा घेऊन आले. भात लावला की दहाएक मिनिटांनी बंद, अर्ध्या तासाने पुन्हा चालू, पुन्हा दहा मिनिटांनी बंद. थंड असताना प्लग लावला तर कसलाही आकडा नाही. गेलेला बोर्ड दर अर्ध्या तासाने जिवंत होतो, हे निदान करणाऱ्याला विचित्र वाटले नाही. मी शेगडी न उघडता त्यांना विचारले, "वहिनी, ती ठेवता कुठे?"

"ओट्यावर. खाली मेणकापड घातलेय, आणि त्याच्यावर पेपर. तेल सांडतं ना भाऊ."

खटला तिथेच निकाली निघाला होता. घरगुती इंडक्शनच्या पंख्याचे तोंड तळाला असते. तो खालून वारा ओढतो आणि मागच्या किंवा बाजूच्या फटींतून गरम वारा बाहेर टाकतो. शेगडीचे रबरी पाय जेमतेम बोटभर उंच, कित्येकदा तेवढेही नाहीत. मेणकापड गरम होऊन मऊ पडते, मध्ये फुगते, आणि वरचा पेपर तर पंखा स्वतःच ओढून जाळीला चिकटवून घेतो. त्यात वहिनींची शेगडी मागून भिंतीला टेकलेली. म्हणजे नाकही बंद आणि तोंडही बंद, आणि वर तक्रार की ती धापा टाकते.

हे तपासायला हत्यार लागत नाही. शेगडीवर पाण्याचे भांडे ठेवून ती चालू करा आणि मागच्या फटीसमोर पातळ कागदाची पट्टी धरा. पट्टी ठळक बाहेर उडाली पाहिजे आणि वारा हळूहळू कोमट होत गेला पाहिजे. पट्टी नुसती थरथरत असेल, तर तळाचे तोंड बुजले आहे किंवा पंखा मंदावला आहे. शेगडी उघड्या दगडी ओट्यावर घ्या, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा, आणि पुन्हा पाहा. एवढ्याने पट्टी उडू लागली तर तुमची दुरुस्ती झाली, आणि तिचे बिल शून्य.

वहिनींच्या बाबतीत पट्टी थोडीच सुधारली, म्हणून शेगडी उघडावी लागली. इथे एक गोष्ट ठणकावून सांगतो, कारण हल्ली मोबाईलवर पाहून कोणीही स्क्रू काढायला बसतो. प्लग भिंतीतून काढल्यावरही आतले कपॅसिटर ३२५ व्होल्ट धरून बसू शकतात. किमान दहा मिनिटे थांबायचे आणि तरीही त्यांच्या टोकांना बोट लावायचे नाही. ज्याला मीटर धरता येत नाही त्याने तळाची जाळी बाहेरून ब्रशने साफ करावी आणि तिथेच थांबावे.

आत काय होते ते सांगतो. पंख्याच्या पात्यांवर फोडणीच्या तेलाचा चिकट थर, त्यावर धूळ, आणि मधल्या बोंडाशी एक झुरळ. हीटसिंकच्या पंखांमधल्या फटी तर नमद्यासारख्या भरलेल्या. डिचोलीच्या बाजूच्या, खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्याला लागून असलेल्या घरांतून येणाऱ्या शेगड्यांत हाच थर लाल असतो. तेलात कालवलेली खाणीची धूळ वाळली की ब्रशने निघत नाही, लाकडी काडीने खरवडावी लागते. किनाऱ्याकडच्या, मोरजी-हरमलच्या शेगड्यांत पंख्याच्या जोडावर हिरवा गंज चढलेला सापडतो, ती खाऱ्या हवेची कृपा. पंखा बोटाने फिरवला तर सहज दोनचार फेरे फिरला पाहिजे. अडखळला, तर बोर्ड नव्हे, पंखा बदलायचा, आणि बदलताना त्यावर लिहिलेले व्होल्ट पाहून घ्यायचे. १८ व्होल्टच्या जागी १२ व्होल्टचा बसवणारे महाभाग आहेत, तो थोड्याच दिवसांत जळतो आणि मग खरोखर बोर्डाची पाळी येते.

आणखी एक सवय, जिच्याबद्दल कागदावर बारीक अक्षरांत छापलेले असते आणि कोणी वाचत नाही. स्वयंपाक झाला की भिंतीवरचा स्विच खटकन बंद करायचा. वीज वाचवल्याचे समाधान मिळते. पण शेगडीचे बटण बंद केल्यावरही पंखा मिनिट-दोन मिनिटे फिरत असतो, तो आतली उष्णता बाहेर काढण्यासाठी. त्याला मध्येच बंद केले की तापलेल्या काचेची आणि हीटसिंकची सगळी उष्णता आतच कोंडते. त्या दोन मिनिटांत पंखा जेवढी वीज खातो तेवढ्या पैशात म्हापशाच्या बाजारात मिरचीही येत नाही.

वहिनींची शेगडी साफ झाली, पंखा मोकळा झाला, आणि तरीही चार दिवसांनी त्यांचा फोन आला. चहा, डाळ, भाजी सगळे नीट. कुकर लावला की पंधराव्या मिनिटाला पुन्हा तोच आकडा. आता वारा निर्दोष होता. मी म्हटले, कुकर घेऊन या.

कुकर ॲल्युमिनियमचा, बुडावर 'इंडक्शन बेस' असे छापलेले. उलटा केला तर बुडाच्या मध्यभागी भोके पाडलेली लोखंडी चकती, जेमतेम तळहाताएवढी. उरलेले सगळे बूड कोरे ॲल्युमिनियम. चुंबक मध्ये चिकटायचा, तिथून दोन बोटे बाहेर सरकला की घसरून पडायचा. काचेखालचे वेटोळे या चकतीच्या जवळजवळ दुप्पट रुंद असते. म्हणजे वेटोळ्याचा बाहेरचा भाग ॲल्युमिनियमशी झगडत होता. ॲल्युमिनियममध्ये प्रवाह फिरत नाही असे नाही, चिकार फिरतो. पण त्याचा विद्युतरोध इतका कमी की तापत काही नाही, आणि तो प्रवाह फिरवता फिरवता स्विच आणि वेटोळे मात्र तापतात. नुसते ॲल्युमिनियमचे टोप ठेवले तर शेगडी तात्काळ नकार देते, ते बरे. हा अर्धवट कुकर मात्र ती स्वीकारते आणि मग ताण सोसत राहते, हीटसिंक तापतो, आणि पंखा धडधाकट असूनही पडद्यावर पंख्याच्या दोषाचाच आकडा उमटतो. अशा आकड्याला भुलून पंखा, मग सेन्सर, मग बोर्ड बदलत जाणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. बदलायला हवा होता कुकर.

'इंडक्शन बेस' हा शिक्का मारण्यासाठी चकती किती रुंद हवी, हे दुकानात कोणाला विचारून पाहा. शिक्का दाखवतील, आकार सांगणार नाहीत. म्हणून चुंबक खिशात ठेवून जा, फ्रिजवरचा चालेल. तो बुडाच्या मध्यभागीही आणि कडेलाही सारखाच घट्ट बसला पाहिजे. स्टीलच्या टोपाला तो काठावर किंचित चिकटतो आणि दुकानदार विजयी मुद्रेने आपल्याकडे पाहतो. त्याला भुलू नका. चांगले स्टील चुंबक धरत नाही, पण काठ वळवताना ठोकल्याने तिथल्या धातूत थोडे चुंबकत्व येते. बुडावर लावला की खरे कळते. नंतर फूटपट्टी बुडावर आडवी धरून उजेडाकडे पाहा: मध्ये फट दिसली तर बूड आत दबलेले आहे, मधल्या काचेला त्याचा नीट स्पर्श होणार नाही आणि तेल पेट घेण्याच्या बेताला आले तरी काचेखालच्या सेन्सरला उशिरा कळेल. बूड किमान १२ सेंटिमीटर रुंद असावे. दुकानदाराला राग आला तर येऊ द्या.

आता कुंडल्यांकडे येतो, कारण इथे विक्रेत्यांची हद्द होते. डिचोली मातीच्या भांड्यांसाठी ओळखली जाते, आणि हुमण मातीच्याच कुंडल्यात व्हावे असे म्हणणारी घरे आजही आहेत. त्यात चूक काही नाही. माती इंडक्शनला दिसतच नाही, म्हणून मधे ठेवायला लोखंडी चकती विकली जाते: "काकी, हे घाला खाली, कुठलंही भांडं चालतं." चालते. किती वेळ चालते, ते विकणारा सांगत नाही.

हिशोब सोपा आहे. वेटोळे चकतीला तापवते. चकतीने ती उष्णता वर कुंडल्याला द्यायची. पण माती उष्णता वाहून नेण्यात ॲल्युमिनियमच्या शंभर पटींहून कमी, त्यात कुंडल्याचे बूड गोलसर, चकतीला टेकते ते दोन बोटांएवढेच. वर जायला वाट नाही म्हणून उष्णता खाली काचेत उतरते. हुमण अजून कोमटच असते आणि काचेखालचा सेन्सर ओरडून शेगडी बंद करतो. मग लोक वॉट कमी करतात, ४०० वर आणतात. तिथे दुसरी गंमत आहे. स्वस्त इंडक्शन सलग ४०० वॉट देऊच शकत नाही. ते हजार-बाराशे वॉट काही सेकंद देते, काही सेकंद थांबते, आणि सरासरी ४०० आली म्हणून पडद्यावर ४०० लिहिते. चकतीला प्रत्येक धक्का पूर्ण जोराचाच बसतो. एकदा, दोनदा, रोज असे झाले की काचेखालचा पांढरा लेप वाळून सुटतो, सेन्सर काचेपासून वेगळा होतो, आणि मग तो ओरडायचाच थांबतो. शेगडी 'सुधारली' असे वाटण्याचा हाच काळ सर्वांत धोक्याचा.

सेन्सर गेला की नाही हे मीटरवर कळते. बहुतेक शेगड्यांत तो २५ अंशांना सुमारे १०० किलोओम दाखवणारा असतो. आपल्या उन्हाळ्यात ३२ अंशांना तो ७४च्या आसपास येतो, बोटांत धरला की आणखी उतरत जातो, आणि उकळत्या पाण्याच्या तापमानाला ७ वर येतो. काही हलतच नसेल किंवा मीटर अनंत दाखवत असेल तर तो गेला. नवा बसवताना लेप नव्याने भरायचा आणि तो काचेला टेकला आहे हे पाहायचे. एवढे काम. बोर्डाला हात लावायची गरज नाही.

मी हुमण इंडक्शनवर करू नका असे म्हणत नाही. लोखंडी कायलीत किंवा चुंबक धरणाऱ्या जाड बुडाच्या टोपात करा. कुंडले गॅसवर किंवा चुलीवर चढवा, त्याची जागा तिथे आहे. ती चकती मात्र विकत घेऊ नका.

कंपन्यांकडे माझे मागणे अवाजवी नाही. शेगडीचे पाय आणखी एक सेंटिमीटर उंच करा, तळाला हाताने निघेल आणि धुता येईल अशी जाळी बसवा. ही शेगडी कापडावर, कागदावर ठेवू नका, हे वाक्य पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर न दडवता शेगडीच्या अंगावर मराठीत छापा. आकड्याऐवजी पडद्यावर तीन चित्रे दाखवली तरी पुरे: भांडे, पंखा, काच. पेडणे तालुक्यातच, तुयें येथे, इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाची वसाहत काढली आहे, आणि त्याच तालुक्यातल्या बाईला आपली शेगडी का थांबली हे जाणून घ्यायला दुसऱ्या तालुक्यात जावे लागते. चित्र छापायला कंपनीला खर्च येणार नाही. काउंटरवरचे बोर्ड तेवढे विकायचे राहतील.